मेंटेनन्स आला, पण कोणाचा? फ्लॅट नंबर आणि महिना नसलेल्या जमेची नोटीस कशी काढावी

महिन्याच्या पंधरा तारखेला सोसायटीचं बँक स्टेटमेंट उघडलं की चार-पाच रकमा हमखास अशा सापडतात की त्या कोणाच्या हे कळत नाही. पैसे खात्यात आलेले असतात, पण नाव ओळखीचं नसतं, फ्लॅट नंबर नसतो, महिना तर नसतोच. अशा वेळी बहुतेक सचिव ग्रुपवर एक ओळ टाकतात, "ज्यांनी पैसे भरले त्यांनी कळवावे." दोन दिवस कोणी उत्तर देत नाही, मग खजिनदार अंदाजाने रक्कम कुणाच्या तरी नावावर टाकतात आणि घोळ तिथे सुरू होतो. चुकीच्या नावावर टाकलेली एक रक्कम दोन खाती बिघडवते. एकाची थकबाकी झाकली जाते आणि ज्याने खरोखर पैसे भरले त्याच्यावर व्याज चढत राहतं.

या लेखात नोटीस काढण्याआधी काय करायचं, नोटिशीत काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, आणि उत्तरं आल्यावर खतावणीत नोंद कशी फिरवायची हे एका उदाहरणातून पाहू. लातूरमधली ४८ फ्लॅटची, ए, बी, सी अशा तीन विंगची सोसायटी धरू. मेंटेनन्स महिना १,५०० रुपये. बिल एक तारखेला निघतं, भरण्याची मुदत पंधरा तारीख. मे महिन्यात बोअर आटल्यामुळे टँकर लावले आणि त्या महिन्याच्या बिलात प्रत्येक फ्लॅटला ४०० रुपये टँकर खर्च जोडला. आपल्याकडे ही उन्हाळी वाढ जवळजवळ ठरलेली असते आणि बेपत्ता जमेचा मोठा भाग त्यातूनच निघतो, कारण कोणी १,५०० भरतो, कोणी १,९००, कोणी टँकरचे ४०० वेगळे पाठवतो.

आधी दोन आजार वेगळे करा

फ्लॅट माहीत नसणं आणि महिना माहीत नसणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लॅट माहीत नसेल तर ती रक्कम कोणत्याही सभासदाच्या खात्यावर जाऊ शकत नाही. ती उचंत खात्यात, म्हणजे ओळख पटेपर्यंत रक्कम तात्पुरती ठेवायच्या खात्यात जाते. फ्लॅट माहीत आहे पण महिना माहीत नाही, तर रक्कम त्या सभासदाच्या खात्यावर त्याच दिवशी जमा झाली पाहिजे. प्रश्न फक्त ती कोणत्या बिलापोटी धरायची एवढाच उरतो, आणि त्याचं उत्तर नियमात आहे. त्यासाठी रक्कम अडकवून ठेवायचं कारण नाही. अनेक सोसायट्यांत दोन्ही रकमा एकाच यादीत टाकतात आणि मग यादी उगाच लांब होते.

स्टेटमेंट पीडीएफमध्ये घेऊ नका, एक्सेलमध्ये घ्या. पीडीएफमध्ये तपशिलाचा रकाना बऱ्याचदा अर्धवट छापला जातो आणि पाठवणाऱ्याने लिहिलेला शेरा नेमका कापला गेलेल्या भागात असतो. आपल्या उदाहरणात जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ओळख न पटलेल्या चार रकमा निघाल्या:

३ जुलै, यूपीआय, १,५०० रुपये. पाठवणाऱ्या बाईंचं नाव सभासद यादीत नाही.
५ जुलै, एनईएफटी, ३,४०० रुपये. नाव देशमुख, पुढे काही नाही.
८ जुलै, शाखेत रोख भरणा, १,९०० रुपये. तपशिलात नावच नाही.
११ जुलै, यूपीआय, ४,५०० रुपये. शेऱ्यात C102 आहे, महिना नाही.

यातली चौथी रक्कम लगेच बाजूला काढा. ती सी-१०२ ची आहे. उरलेल्या तीन रकमांची बेरीज ६,८०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो ताळ्याला लागेल.

उचंत खात्यात नोंद

तीनही रकमा बँकेत ज्या तारखेला आल्या त्याच तारखेला किर्दीत घ्या. बँक नावे, उचंत खाते जमा. पैसे कोणाचे ते कळेपर्यंत नोंदच करायची नाही, ही चूक करू नका. मग बँकेचा शिल्लक आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही आणि महिनाअखेरीचा ताळमेळ अडतो. या रकमा सोसायटीच्या उत्पन्नातही धरायच्या नाहीत. ओळख पटेपर्यंत ते देणं आहे आणि ताळेबंदात ते देण्याच्या बाजूलाच दिसलं पाहिजे.

उचंत खात्यासाठी एक साधी वही किंवा एक्सेलचं एक पान ठेवा. त्यात बँकेची तारीख, रक्कम, मार्ग, यूटीआर क्रमांक, स्टेटमेंटमधला पूर्ण तपशील, ओळख पटल्याची तारीख, फ्लॅट आणि फेरनोंदीचा व्हाउचर क्रमांक एवढे रकाने पुरतात. खुल्या ओळींची बेरीज आणि खतावणीतली उचंत खात्याची शिल्लक दर महिन्याला सारखी आली पाहिजे. आत्ता दोन्हीकडे ६,८०० हवेत. आकडा वेगळा आला तर कोणीतरी नोंद फिरवली आहे पण यादीत खूण केली नाही, किंवा त्याच्या उलट.

नोटिशीआधी घरचा शोध

नोटीस काढण्याआधी तासभर स्वतः शोधलं तर निम्मी यादी कमी होते. पहिल्यांदा ग्रुपवर आणि सचिवांच्या मोबाइलवर आलेले स्क्रीनशॉट पाहा. इथे एक अडचण नेहमी येते. पैसे भरणारा ॲपचा स्वतःचा व्यवहार क्रमांक पाठवतो, त्यात इंग्रजी अक्षरं असतात, आणि तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये कुठेच सापडत नाही. यूपीआयचा खरा जुळणारा क्रमांक बारा अंकी असतो आणि त्यात फक्त अंक असतात. ॲपमध्ये व्यवहार उघडून थोडं खाली गेलं की UTR किंवा UPI transaction ID या नावाने तो दिसतो. सभासदांना नेमका हाच क्रमांक मागा.

दुसरं म्हणजे भरणाऱ्यांची नोंद. प्रत्येक फ्लॅटसाठी कोणाच्या खात्यातून पैसे येतात ते लिहून ठेवा. मालक औशाला राहतो आणि पैसे भाडेकरू भरतो, आई-वडील फ्लॅटमध्ये राहतात आणि पैसे पुण्यातला मुलगा पाठवतो, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि यूपीआय बायकोच्या मोबाइलवर. एकदा ओळख पटली की ते नाव या यादीत चढवायचं. सहा महिन्यांत ही यादी इतकी उपयोगी होते की नोटीस काढायची वेळ क्वचितच येते.

तिसरी खूण रकमेची. ३,४०० म्हणजे मेचे १,९०० आणि जूनचे १,५०० असू शकतात. खतावणी पाहिली तर बी-२०२ कडे मागची थकबाकी नेमकी तेवढीच आहे आणि ते देशमुख आहेत. पण सी-३०१ सुद्धा देशमुखच. मराठवाड्यात एका सोसायटीत दोन-तीन देशमुख, दोन-तीन जाधव असणं नवल नाही, म्हणून आडनावावरून कधीच नोंद करू नये. सी-३०१ कडे फक्त चालू जुलैचं बिल बाकी आहे, त्यामुळे ३,४०० चा मेळ बी-२०२ शी बसतो. तरीही हा पुरावा झाला नाही, हा फोन करण्यासाठीचा धागा झाला. बी-२०२ ला फोन करून यूटीआरचे शेवटचे चार अंक विचारा. जुळले तरच नोंद.

नोटिशीत काय झाकायचं

रक्कम, तारीख आणि मार्ग एवढंच छापा. यूटीआर छापू नका, पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव छापू नका. नाव आणि खात्याचा तपशील फलकावर लावणं त्या माणसाच्या दृष्टीने बरोबर नाही, आणि व्यवहाराचं कारणही आहे. यूटीआर उघड केला की दुसरा कोणीही तो वाचून "हे माझे" म्हणू शकतो. क्रमांक तुमच्याकडे लपलेला असेल तर दावा करणाऱ्याला तो स्वतःच्या मोबाइलमधून काढून द्यावा लागतो आणि दावा आपोआप तपासला जातो. सगळी माहिती तुम्हीच दिली तर तपासायला काहीच उरत नाही.

सी-१०२ चं नाव या नोटिशीत घालू नका. त्यांचा प्रश्न महिन्याचा आहे, तो त्यांना वेगळ्या निरोपाने कळवा. नोटिशीचा मसुदा असा:

सूचना
दिनांक १६ जुलै २०२५
सर्व सभासद व भाडेकरूंना कळविण्यात येते की, सोसायटीच्या बँक खात्यात खालील रकमा जमा झाल्या आहेत, परंतु त्या कोणत्या फ्लॅटच्या आहेत हे समजू शकलेले नाही.
१) ३ जुलै, यूपीआय, १,५०० रुपये
२) ५ जुलै, एनईएफटी, ३,४०० रुपये
३) ८ जुलै, बँकेत रोख भरणा, १,९०० रुपये
यांपैकी रक्कम आपण किंवा आपल्या वतीने कोणी भरली असल्यास २६ जुलैपर्यंत फ्लॅट नंबर, महिना आणि पुरावा सचिवांच्या मोबाइलवर पाठवावा. यूपीआय व एनईएफटीसाठी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रोख भरण्यासाठी बँकेच्या शिक्क्याची स्लिप ग्राह्य धरली जाईल. मेंटेनन्स भरूनही पावती मिळाली नसल्यास कृपया ही यादी अवश्य पाहावी.
ओळख पटल्यावर पावती बँकेत रक्कम आल्याच्या तारखेची दिली जाईल व त्या तारखेनंतर आकारलेले व्याज रद्द केले जाईल.
ज्या भरण्यात महिना लिहिलेला नसेल, ती रक्कम सभेच्या ठरावानुसार आधी व्याज, नंतर सर्वांत जुने बिल, नंतर चालू बिल या क्रमाने जमा धरली जाईल.
सचिव

पावती न मिळाल्याचं वाक्य नोटिशीतून काढू नका. लोक "कोणाचे तरी पैसे" ही यादी वाचत नाहीत, पण "माझी पावती आली नाही" हे त्यांना लगेच आठवतं. नोटीस फलकावर लावा, ग्रुपवर टाका, आणि भाडेकरू ग्रुपमध्ये नसतील तर विंगच्या लिफ्टजवळही एक प्रत लावा. मुदत दहा दिवसांपेक्षा जास्त देऊ नका. लांब मुदत दिली की ती शेवटच्या दिवसापर्यंत विसरली जाते.

महिना लिहिलेला नसेल तर

ठरावाचा आधार कुठून येतो हे सचिवाला नीट माहीत हवं, कारण वाद इथेच होतात. भारतीय करार कायदा, १८७२ मधली ५९, ६० आणि ६१ ही तीन कलमं यावर सरळ बोलतात. पैसे देणाऱ्याने हे अमुक देण्यापोटी आहे असं सांगितलं आणि तुम्ही ते स्वीकारले, तर त्याच देण्यापोटी धरावे लागतात. त्याने काही सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नाही, तर घेणारा आपल्या मर्जीने देय असलेल्या कोणत्याही कायदेशीर देण्यापोटी ते धरू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर जुन्यापासून क्रमाने फिटतात.

यातला "परिस्थितीवरून कळणं" हा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रोख भरलेल्या १,९०० रुपयांचं पाहा. या सोसायटीत १,९०० चं बिल फक्त मे महिन्याचं होतं. महिना लिहिलेला नसला तरी रक्कमच मे सांगते आहे. ज्या फ्लॅटचं मेचं बिल बाकी आहे त्याच्याकडून ती आली, तर ती मेच्या बिलालाच लावा. आधी त्यातून व्याज कापून मेचे काही रुपये बाकी ठेवायला जाल तर भांडण ओढवून घ्याल. व्याज पुढच्या बिलात वेगळं दाखवा.

आता सी-१०२ चे ४,५०० रुपये. त्यांच्या खात्यावर जूनचे १,५०० बाकी आहेत आणि जुलैचं बिल निघालेलं आहे. त्यांच्या मनात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने आहेत, पण तसं त्यांनी लिहिलेलं नाही आणि ४,५०० या रकमेवरून कोणता एक महिना ठरत नाही. म्हणून ठरावाचा क्रम लागू होतो. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर दरसाल जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं, आणि या सोसायटीच्या सभेने तोच दर ठरवला आहे असं धरू. जूनची मुदत १५ जून होती, पैसे ११ जुलैला आले, म्हणजे २६ दिवस. १,५०० वर २१ टक्क्यांनी २६ दिवसांचं व्याज २२ रुपये ४४ पैसे होतं. पूर्ण रुपयांत २२. तेव्हा २२ रुपये व्याज, १,५०० जून, १,५०० जुलै आणि उरलेले १,४७८ रुपये ऑगस्टसाठी आगाऊ. हाच हिशेब पावतीवर चार ओळींत लिहा. "मेंटेनन्सपोटी ४,५०० मिळाले" अशी पावती दिली की सप्टेंबरमध्ये ते गृहस्थ म्हणणार, माझं सप्टेंबरपर्यंत भरलेलं आहे, आणि तुमच्या कागदावर त्यांचं म्हणणं खोडणारं काही नसणार.

हा क्रम ठरावात असलाच पाहिजे आणि प्रत्येक बिलाच्या खाली छापलेला असला पाहिजे. ठराव नसताना सचिवाने आपल्या मनाने आधी व्याज कापलं तर सभासद नाराज होतो आणि त्याची तक्रार रास्त असते. तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून अपार्टमेंट असेल तर व्याजाचा दर आणि अधिकार तुमच्या घोषणापत्रात आणि उपविधींत पाहा. सोसायटीचे उपविधी तिथे आपोआप लागू होत नाहीत.

उत्तरं आल्यावर

ए-१०४ च्या भाडेकरू बाईंनी १,५०० चा बारा अंकी क्रमांक पाठवला, तो स्टेटमेंटशी तंतोतंत जुळला. फेरनोंद करा: उचंत खाते नावे १,५००, ए-१०४ सभासद खाते जमा १,५००. व्हाउचरची तारीख आजची राहील, पण तपशिलात "३ जुलैची बँक जमा" असं लिहा आणि पावतीवर ३ जुलै हीच जमेची तारीख टाका. पावती मालकाच्या नावाने आणि "हस्ते" भाडेकरूचं नाव. भाडेकरूच्या नावाने मेंटेनन्सची पावती देऊ नये, कारण देणं सभासदाचं आहे.

बी-२०२ चे ३,४०० फोनवर खात्री करून मे आणि जूनला गेले. रोख १,९०० साठी मेचं बिल बाकी असलेले दोन फ्लॅट होते, ए-३०१ आणि सी-२०४. ए-३०१ ने शिक्क्याची स्लिप दाखवली, त्यावरची तारीख आणि रक्कम जुळली. स्लिप कोणीच दाखवली नसती तर शाखेला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र देऊन त्या दिवशीची जमा स्लिप पाहण्याची विनंती करावी लागली असती. हे काम महिना उलटण्याआधी करावं. जुनी स्लिप गठ्ठ्यातून काढायला शाखेला वेळ लागतो.

तीनही फेरनोंदी झाल्यावर उचंत खाते शून्यावर आलं पाहिजे. या काळात ए-१०४ किंवा इतर कोणाच्या ऑगस्टच्या बिलात जुलैचं व्याज लागलं असेल तर ते वेगळ्या व्हाउचरने उलटवा. पैसे वेळेत खात्यात होते, फक्त तुम्हाला ओळखता आले नव्हते, त्याचं व्याज सभासदाने का द्यावं? यात आणखी एक धोका आहे. बिलाची रक्कम तीन महिने थकली की सभासद थकबाकीदार ठरू शकतो आणि थकबाकीदाराला समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. उचंत खात्यात पडून राहिलेल्या पैशांमुळे एखाद्यावर ही वेळ येऊ देऊ नका. थकबाकीदारांची यादी करण्याआधी उचंत खाते उघडून पाहणं हा नियमच करा.

मुदतीनंतरही एखादी रक्कम कोणाची ते कळलं नाही तर ती उचंत खात्यातच राहू द्या आणि पुढच्या महिन्याच्या नोटिशीत पुन्हा घ्या. ३१ मार्चला तिची यादी लेखापरीक्षकांसमोर ठेवा. ती परस्पर दुरुस्ती निधीत किंवा इतर उत्पन्नात वळवू नका.

पुढच्या महिन्यापासून

सभासदांना शेरा लिहायला सांगताना एकच साचा द्या, `B203 JUL25` असा. फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि मध्ये एक जागा. तिरकी रेघ, हॅश किंवा देवनागरी अक्षरं काही बँकांच्या प्रणालीत गळतात. काही ॲपमधून लिहिलेला शेरा घेणाऱ्याच्या स्टेटमेंटपर्यंत पोचतच नाही. म्हणून तुमच्या बँकेत तो पोचतो का हे तीन-चार वेगवेगळ्या ॲपमधून एक-एक रुपया पाठवून पाहा.

प्रत्येक फ्लॅटचा वेगळा क्यूआर करून दिला तर शेरा लिहायचं कामच राहत नाही. क्यूआरमध्ये ही ओळ जाते, शेवटी फ्लॅट नंबर बदलायचा:

```
upi://pay?pa=SOCIETY_UPI_ID&pn=SOCIETY_NAME&cu=INR&tn=B203
```

यात मुद्दाम रक्कम आणि महिना घातलेला नाही. रक्कम घातली तर टँकरच्या महिन्यात क्यूआर निकामी होतो, आणि महिना घातला तर दर महिन्याला ४८ क्यूआर छापावे लागतात. फ्लॅट कळला की महिन्याचं काम ठरावाचा क्रम करतोच.

शेरा पोचत नसेल तर सर्वांत भरवशाचा उपाय पैशांचा आहे. ए-१०१ पासून सी विंगच्या शेवटापर्यंत प्रत्येक फ्लॅटला १ ते ४८ असा क्रमांक द्या आणि तो रकमेत पैसे म्हणून जोडायला सांगा. क्रमांक २७ चा सभासद १,५००.२७ भरेल, टँकरसकट भरायचे असतील तर १,९००.२७. शेरा गळतो, नाव बदलतं, पण रक्कम बँक कधीच बदलत नाही. यासाठी बिलं आणि व्याज पूर्ण रुपयांतच आकारा, नाहीतर व्याजाचे पैसे आणि क्रमांकाचे पैसे एकमेकांत मिसळतील. वरचे पैसे सभासदाच्याच खात्यावर आगाऊ म्हणून राहू द्या, ४८ क्रमांकाच्या फ्लॅटचेही वर्षभरात ते पावणेसहा रुपयांच्या आसपासच होतात. ९९ पेक्षा जास्त फ्लॅट असतील तर ही युक्ती चालत नाही.

चेकच्या मागे फ्लॅट नंबर आणि मोबाइल लिहायला सांगा. शाखेत जाऊन खात्यात थेट रोख भरणं मात्र बंदच करा, कारण त्या जमेला नाव चिकटतच नाही. ज्यांना रोखच द्यायची आहे त्यांनी ती खजिनदारांकडे द्यावी आणि जागेवर पावती घ्यावी. वॉचमनकडे देऊ नये. फ्लॅट विकताना कोणी येणे-बाकी नसल्याचा दाखला मागितला, तर त्याच्या खात्याबरोबर उचंत यादीतल्या खुल्या ओळीही एकदा वाचा आणि मगच आकडा सांगा.